२१४ वाचकांची छोटी पाहणी: आकडे प्रसिद्ध करताना नेमकं काय म्हणता येईल?

पानखूण

नमस्कार मंडळी. मी पुस्तकांविषयी एक पाक्षिक ईमेल-पत्र काढते. ते सुमारे १९०० जणांकडे जातं. पुस्तक अर्धवट सोडण्याबद्दल लोक भरपूर बोलतात, पण कुणाकडे आकडे नसतात. म्हणून मीच वाचकांना पाच प्रश्नांचा फॉर्म पाठवला. २१४ जणांनी तो भरला.

मुख्य प्रश्न जसा विचारला तसाच देते: "गेल्या बारा महिन्यांत सुरू केलेलं एखादं पुस्तक तुम्ही पूर्ण न वाचता कायमचं बाजूला ठेवलंत का?" १३९ जणांनी हो म्हटलं, ७५ जणांनी नाही. म्हणजे ६५ टक्के.

आता याचं एक स्वतंत्र पान करायचं आहे. दुसऱ्या कुणी या विषयावर लिहिलं तर त्यांना आकड्यासाठी थेट तिथली लिंक देता यावी, असं. मथळा ठरवलाय, "तीनपैकी दोन वाचक पुस्तक अर्धवट सोडतात". खाली आलेख, आणि अगदी शेवटी "या पाहणीच्या मर्यादा" असा एक परिच्छेद. एवढं पुरेल का? आकडे कुणी चुकीच्या अर्थानं वापरू नयेत असं मनापासून वाटतं, म्हणून आधीच विचारते आहे.

---

निळूभाऊ

उपक्रम आवडला. पण २१४ कमी पडतात. सर्वेला कमीत कमी ३८५ लागतात, तेव्हा कुठे आकडा पाच टक्के इकडेतिकडे धरता येतो. २१४ ला मार्जिन ऑफ एरर साधारण ६.७ येतं. तेव्हा "६५ टक्के, अधिक-उणे ७" असं लिहा आणि निर्धास्त प्रसिद्ध करा. मर्यादांचा परिच्छेद वेगळा लिहायचीही गरज नाही, त्या ७ मध्ये सगळं येतं.

---

मोजमाप

निळूभाऊ, गणित तुमचं बरोबर आहे. ३८५ त्याच सूत्रातून येतात आणि २१४ ला ६.७ हेही बरोबर. पण त्या सूत्राला एक अट आहे. १९०० नावांतून चिठ्ठ्या टाकून २१४ नावं काढली आणि त्या सगळ्यांनी उत्तर दिलं, तर ते ६.७ लागू पडतं. इथे चिठ्ठ्या कुणी टाकल्या नाहीत. ज्यांना भरावासा वाटला त्यांनी फॉर्म भरला. कुणाला वाटलं आणि कुणाला नाही, यातून जो कल येतो त्याबद्दल ते ७ काहीच सांगत नाही. उलट, आकड्यापुढे अधिक-उणे लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं चूक मोजून झाली आहे.

संख्या वाढवूनही हा प्रश्न सुटत नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या आणि वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन आले. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतलेले होते, हे कारण सगळे सांगतात. दुसरं कारण कमी सांगितलं जातं. मतपत्रिका परत पाठवण्याचा उत्साह रूझवेल्टच्या विरोधकांत जास्त होता. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपनं कितीतरी छोट्या नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला.

पानखूणताई, तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. निमंत्रणाच्या ईमेलचा विषय काय होता? आणि आठवण करून देणारी दुसरी ईमेल पाठवली असेल, तर तिच्यानंतर आलेली उत्तरं वेगळी काढता येतील का?

---

शाळेतली_खिडकी

मध्येच विचारते. मी आठवीच्या वर्गाला हाच प्रश्न विचारला होता. वर्गात ४२ मुलं, सगळ्यांनी लिहून दिलं. २१४ कमी असतील तर माझे ४२ फेकूनच द्यायचे का? आणि गूगल फॉर्म बरा की कागद?

---

मोजमाप

अजिबात फेकू नका. तुमच्या वर्गाबद्दल तुमचा आकडा पानखूणताईंच्या आकड्यापेक्षा पक्का आहे, कारण ४२ पैकी ४२ जणांची उत्तरं आली आहेत. गप्प बसलेलं कुणी उरलं नाही. फक्त तो त्या वर्गाचा आकडा म्हणून सांगा, "आठवीतली मुलं" असं म्हणू नका. कागद की फॉर्म हा प्रश्न त्यानंतरचा. शिक्षकांच्या हातात नाव घालून कागद द्यायचा असेल, तर मुलं "पुस्तक सोडलं" असं कितपत लिहितील हे मात्र बघायला हवं.

---

शाळेतली_खिडकी

नावं घेतली होती. हं. हा विचार केला नव्हता.

---

पानखूण

मोजमाप, पहिल्या ईमेलचा विषय होता "तुम्ही कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत?". आठवड्यानं आठवण पाठवली, तिचा विषय "वाचनाविषयी पाच प्रश्न, दोन मिनिटं". फॉर्म वेळेची नोंद ठेवतो, म्हणून वेगळं काढता आलं.

आठवण जायच्या आधी १२८ उत्तरं आली. त्यांत ९२ हो, म्हणजे ७२ टक्के. आठवणीनंतर ८६ आली. त्यांत ४७ हो, म्हणजे ५५ टक्के. एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं.

---

मोजमाप

माझ्या मते तुमच्या पाहणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. ती झाकू नका, पानावर वरच ठेवा.

दोन्ही गटांत १७ टक्क्यांचं अंतर आहे. एवढ्या संख्येत असं अंतर नुसत्या योगायोगानं पडणं अवघड. आता त्याची दोन कारणं असू शकतात. पहिलं, पहिल्या ईमेलचा विषयच पुस्तक सोडणाऱ्यांना हाक मारत होता. "कुठलं सोडलंत?" असं विचारल्यावर ज्यानं एकही सोडलं नाही तो म्हणतो, हे माझ्यासाठी नाही, आणि पुढे जातो. दुसरं, उशिरा उत्तर देणारे लोक मुळातच वेगळे असतात. त्यांना विषयात कमी रस असतो. म्हणूनच पाहण्या करणारे त्यांच्याकडे बारकाईनं बघतात. ज्यांनी उत्तर दिलंच नाही ते बहुधा लवकर भरणाऱ्यांपेक्षा या उशिरा भरणाऱ्यांसारखे असतील, असा त्यामागचा तर्क आहे. तो तर्कच आहे, पुरावा नाही.

तुमच्या बाबतीत ही दोन कारणं एकमेकांत गुंतली आहेत, कारण ईमेलचा विषय आणि वेळ दोन्ही एकदमच बदललं. या आकड्यांतून ती सुटी करता येणार नाहीत. पण दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात. पूर्ण यादीला विचारलं असतं तर आकडा बहुधा ६५ च्या खालीच आला असता.

पुढच्या वेळी यादीचे चिठ्ठी टाकून दोन भाग करा आणि एकाच दिवशी दोन वेगळे विषय लिहून पाठवा. मग विषयाचा परिणाम वेगळा कळेल.

---

निळूभाऊ

मग खरा आकडा किती? ५५ लिहायचा का?

---

मोजमाप

नाही. ५५ हाही उत्तर दिलेल्यांच्या एका गटाचाच आकडा आहे. नुसत्या मोजणीवर विसंबून काय हमी देता येते ते बघा. १६८६ जणांनी उत्तर दिलं नाही. त्यांच्यापैकी एकानंही पुस्तक सोडलं नसेल, तर १९०० पैकी १३९, म्हणजे ७ टक्के. त्या सगळ्यांनी सोडलं असेल, तर १८२५, म्हणजे ९६ टक्के. ७ ते ९६ च्या मधलं काहीही तुमच्या आकड्यांशी सुसंगत आहे. ही पट्टी त्याहून अरुंद करायची, तर न बोललेल्यांबद्दल काहीतरी गृहीत धरावं लागतं. जे गृहीत धराल ते उघड लिहा, एवढंच.

---

रानवेल

मला हे पटत नाही. "७ ते ९६" असं लिहिलेलं पान कुणी उघडणार नाही आणि त्याची लिंक तर कुणीच देणार नाही. पानखूणनं मेहनत घेतली आहे, विषयावर दुसरे आकडे नाहीत, तर आहेत ते ठामपणे मांडावेत. प्रत्येक वाक्याला पुस्ती जोडत बसलो तर हाती काय उरतं?

---

दीपशिखा

रानवेल, मी बरीच वर्षं बातम्यांच्या टेबलावर काढली आहेत. असे आकडे आमच्यापर्यंत कसे येतात ते सांगते. घाईत असलेला माणूस पानाचा मथळा, पहिलं वाक्य आणि आलेखाचं चित्र एवढंच उचलतो. खालचा मर्यादांचा परिच्छेद कितीही चांगला लिहिलेला असो, तो त्या पानावरच राहतो. "तीनपैकी दोन वाचक" हा मथळा दिलात तर छापून हेच येणार, आणि तेव्हा तुमच्या हातात काही नसेल.

म्हणून मर्यादा वाक्याच्या आतच बसवायची. वाक्य कुणी उचललं की मर्यादाही त्याबरोबर जाते. मी असं लिहीन: "एका पुस्तकविषयक ईमेल-पत्राच्या, स्वतःहून उत्तर देणाऱ्या २१४ वाचकांपैकी १३९ जणांनी (६५ टक्के) वर्षभरात एखादं पुस्तक अर्धवट सोडल्याचं सांगितलं." लांब आहे, पण घाईतला माणूस ते तोडत नाही, कारण त्याला तयार वाक्य मिळालेलं असतं. टक्क्यांबरोबर १३९ आणि २१४ हे दोन्ही आकडेही हवेत. शेवटी "सांगितलं" हेही महत्त्वाचं. तुम्ही पुस्तकं मोजली नाहीत, लोकांनी जे सांगितलं ते मोजलं.

आलेखाचं तेच. चित्र पानापासून सुटं होऊन फिरतं. प्रश्नाचे मूळ शब्द, २१४ हा आकडा, पाहणीचा महिना आणि पानाचा पत्ता हे सगळं चित्राच्या आतच लिहा.

आणि प्रत्येक निष्कर्षाच्या शीर्षकाला स्वतःचा id द्या. म्हणजे लिंक देणारा वाचकाला थेट त्या आकड्यावर पोचवतो, लांबलचक पानाच्या माथ्यावर नाही.

```
<h3 id="ardhavat-pustak">२१४ पैकी १३९ जणांनी पुस्तक अर्धवट सोडल्याचं सांगितलं</h3>
```

पत्त्याच्या शेवटी `#ardhavat-pustak` लावलं की झालं. हा id एकदा दिलात की बदलू नका. इतरांनी दिलेल्या लिंका त्यावरच टिकून असतात.

---

रानवेल

वाक्यात मर्यादा बसवायची हे मान्य. ते वाक्य वाचायलाही ठीक आहे. पण ७ ते ९६ वर हवं असं मला अजूनही वाटत नाही.

---

दीपशिखा

तेही मथळ्यात नकोच. पण आठवणीआधीचे ७२ आणि नंतरचे ५५ मात्र मुख्य आकड्याच्या लगेच खाली हवेत. वाचणाऱ्याला ते चटकन कळतं. ७ ते ९६ "पाहणी कशी केली" या भागात जाऊ दे. मोजमाप याला राजी होतील असं नाही.

---

मोजमाप

चालेल. ७२ आणि ५५ वर आले तर माझं बरंचसं समाधान झालं.

---

सोबती

एक शंका. पुढचा प्रश्न "का सोडलंत" असा असेल ना? त्याचे टक्के कशावर काढलेत?

---

पानखूण

हो. ज्यांनी हो म्हटलं त्या १३९ जणांनाच तो दिसला. एकच कारण निवडायचं होतं. ५८ जणांनी "वेळ मिळाला नाही" निवडलं, म्हणजे ४२ टक्के. पर्यायांत ते पहिलं होतं. मग "कंटाळा आला", "भाषा जड वाटली", "अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं", "इतर".

---

सोबती

मग तिथे २१४ नाही, १३९ लिहायला हवं. सगळ्या आलेखांखाली २१४ लिहून ठेवलंत तर कुणीतरी म्हणेल की ४२ टक्के वाचकांना वेळ नाही. २१४ पैकी ५८ म्हणजे २७ टक्केच होतात. मीही एकदा एका अहवालात असंच वाचून दुसरीकडे सांगितलं होतं.

---

मोजमाप

सोबतींनी नेमकं पकडलं. प्रत्येक प्रश्नाचा पाया वेगळा असू शकतो. तो प्रत्येक आलेखावर वेगळा लिहायचा.

त्या ४२ वरही माझा तेवढा विश्वास नाही. स्क्रीनवर यादी वाचताना वरचा पर्याय जास्त निवडला जातो, हे वारंवार दिसलेलं आहे. शिवाय "वेळ मिळाला नाही" हे सांगायला सोपं, कुणाला न दुखावणारं कारण आहे. यातलं किती खरं आणि किती क्रमामुळे, ते आता काढता येणार नाही. पर्याय ज्या क्रमानं दाखवले त्याच क्रमानं पानावर छापा. वाचणारा मग स्वतः ठरवेल. पुढच्या वेळी गूगल फॉर्ममध्ये त्या प्रश्नाच्या तीन टिंबांखाली `Shuffle option order` आहे, ते चालू करा.

---

रानवेल

आणि पुस्तकांची नावं? पाचवा प्रश्न तोच होता असं पानखूणनं मला सांगितलंय. लोक लिंक देतील ती त्यासाठीच. "सर्वात जास्त सोडलेली दहा पुस्तकं" अशी यादी टाका, बाकीचं पान आपोआप वाचलं जाईल.

---

पानखूण

नाव लिहिण्याची मोकळी जागा होती. सर्वात जास्त वेळा आलेलं पुस्तक ९ जणांनी लिहिलंय. त्यानंतर ५, ४, आणि मग एकेकदा आलेली पुष्कळ.

---

मोजमाप

ही यादी टाकू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ९ जणांनी सोडलं, पण सुरू किती जणांनी केलं? तो आकडा आपल्याकडे नाही. जे पुस्तक शंभर जणांनी उघडलं आणि ९ जणांनी सोडलं, ते वाचकांना धरून ठेवणारं पुस्तक आहे. जे तिघांनी उघडलं आणि तिघांनीही सोडलं, ते या यादीत खाली कुठेतरी दिसेल. म्हणजे "सर्वात जास्त सोडलेली" या नावाखाली तुम्ही बहुतेक सर्वात जास्त उघडलेली पुस्तकंच छापाल. त्यात लेखकाचं नाव असणार. एखाद्या हयात लेखकावर ९ जणांच्या बळावर असा शिक्का मारणं मला योग्य वाटत नाही.

---

रानवेल

पण ९ जणांनी ते सोडलं ही वस्तुस्थिती आहे ना? "९ जणांनी उल्लेख केला" एवढंच लिहायचं. दीपशिखा म्हणाली तसं, मर्यादा वाक्यात घालून.

---

दीपशिखा

माझ्याच वाक्यानं मला अडवलंस. पण यादीचं वेगळं आहे. यादीत वाक्य नसतं, क्रमांक असतो, आणि उचलला जातो तो क्रमांकच. या बाबतीत मी मोजमाप यांच्या बाजूची. पण रानवेलचं म्हणणं अगदी टाकाऊ आहे असंही नाही.

कच्चे आकडे डाउनलोडला ठेवणार असाल तर आणखी एक. फॉर्ममधून निघालेली फाइल जशीच्या तशी देऊ नका. तिच्यात प्रत्येक उत्तराची तारीख आणि वेळ असते. "मी आत्ताच भरला" असं कुणी जाहीर लिहिलं असेल तर जुळवून माणूस ओळखता येतो. वेळेच्या जागी फक्त "आठवणीआधी" किंवा "आठवणीनंतर" ठेवा, तुमच्या मुख्य निष्कर्षाला तेवढंच लागतं. मोकळ्या जागेत लिहिलेलं काढून टाका. वयाचे गट विचारले असतील आणि एखाद्या गटात चार-पाचच जण असतील, तर तो शेजारच्या गटात मिळवा.

---

सोबती

आणि फाइल `CSV UTF-8` म्हणून सेव्ह करा. नुसती `CSV` केली तर एक्सेलमधून देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

---

पानखूण

सगळ्यांचे आभार. मथळा बदलला: "अर्धवट सोडलेली पुस्तकं: २१४ वाचकांनी काय सांगितलं". वरचा मजकूर असा केला आहे, बघा:

"एका पुस्तकविषयक ईमेल-पत्राच्या १९०० वाचकांना पाच प्रश्न पाठवले. स्वतःहून उत्तर देणाऱ्या २१४ जणांपैकी १३९ जणांनी (६५ टक्के) गेल्या बारा महिन्यांत एखादं पुस्तक अर्धवट सोडल्याचं सांगितलं. पहिल्या ईमेलच्या विषयातच अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा उल्लेख होता. तिच्यानंतर आलेल्या १२८ उत्तरांत हे प्रमाण ७२ टक्के होतं, तर साध्या विषयाच्या आठवणीनंतर आलेल्या ८६ उत्तरांत ५५ टक्के. त्यामुळे सगळ्या वाचकांचं प्रमाण ६५ पेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. वाचणाऱ्या सगळ्या लोकांबद्दल या पाहणीतून काही सांगता येत नाही."

अधिक-उणे कुठेच लिहिलेलं नाही. पुस्तकांची नावं सध्या ठेवलेली नाहीत. पुढच्या वेळी वीस पुस्तकांची यादी देऊन प्रत्येकापुढे "सुरू केलं का" आणि "पूर्ण केलं का" असे दोन्ही प्रश्न विचारावेत, असं मनात आहे.

---

मोजमाप

मजकूर चांगला झाला आहे. "पाहणी" या शब्दापुढे महिना आणि वर्ष घाला. पुढे काही दुरुस्ती केलीत तर जुना आकडा पुसू नका. काय बदललं आणि कधी, ते खाली तारखेसह लिहा. ज्यांनी आधीच लिंक दिली आहे त्यांना कळायला हवं.

वीस पुस्तकांची कल्पना बरोबर दिशेची आहे. फक्त ती वीस कोण निवडणार, हे आधी ठरवा.

---

रानवेल

वाचकांनाच निवडू दे ना. या वेळी ज्यांची नावं सर्वात जास्त आली तीच घ्या.

---

मोजमाप

तीच घेतलीत तर यादीत सोडलेलीच पुस्तकं येतील. मी ग्रंथालयातून सर्वात जास्त नेली जाणारी पुस्तकं घेतली असती. पण त्यात नवी पुस्तकं मागे पडतात, आणि ईमेल-पत्र तर नव्या पुस्तकांचं आहे. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

---

शाळेतली_खिडकी

मी या सोमवारी वर्गाला परत विचारते आहे, या वेळी नावाशिवाय. दोन्ही वेळचे आकडे इथे टाकीन.